मूल खात नाही, तेव्हा काय काय पाहायचं

दोन-अडीच वर्षांचं मूल परवापर्यंत आवडीने खाल्लेली भेंडी आज ताटाबाहेर ढकलतं, तेव्हा सहसा काळजीचं कारण नसतं. या वयात मुलं अनोळखी पदार्थांना बिचकतात. पाच-सहा वर्षांपर्यंत ते बिचकणं हळूहळू ओसरतं आणि तोवर उंची-वजन आपल्या गतीने वाढत राहतं. अशी मुलं पालेभाजीला हात लावत नसली तरी वरण-भात, पोळी, एखादी उसळ, अंडं, दोन-तीन फळं असं सगळ्या गटांतलं थोडं थोडं खातात. कंटाळून सोडलेला पदार्थ महिन्याभराने पुन्हा धरतात.

काही मुलांचं तसं होत नाही. त्यांच्या पदार्थांची यादी वाढायच्या ऐवजी आखडत जाते आणि एकदा सुटलेला पदार्थ परत येत नाही. बिस्कीट चालतं ते एकाच कंपनीचं, आणि पुड्याचा रंग बदलला की तेही नको होतं. लग्नाला, सहलीला, मामाकडे जाताना वेगळा डबा न्यावा लागतो. अशा खाण्याला २०१३ साली स्वतंत्र निदान मिळालं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत ‘अव्हॉइडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर’, थोडक्यात ‘आर्फिड’, हे नाव आलं. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही ते आहे.

हे निदान करण्यासाठी नुसतं कमी किंवा मोजकं खाणं पुरत नाही. त्यापायी काही तरी बिघडलेलं असावं लागतं. वजन घटलेलं किंवा वाढायचं थांबलेलं असेल, एखादं पोषकद्रव्य ठळकपणे कमी पडलं असेल, मूल पूरक पेयांवर किंवा नळीवाटे दिलेल्या अन्नावर अवलंबून असेल, किंवा खाण्यामुळे त्याचं शाळेतलं-घरातलं जगणं अडलं असेल, यांपैकी एक तरी गोष्ट हवी. घरात अन्नच कमी असणं, उपास-तापास आणि दुसरा एखादा आजार ही कारणं आधी बाजूला काढावी लागतात. जाड होण्याच्या भीतीने मूल खात नसेल, तर तो आजार वेगळा आहे.

न खाण्याची कारणं ढोबळमानाने तीन. पदार्थाचा स्पर्श, वास, चव किंवा रूप सोसत नाही. भूकच मुळात मंद असते, खाण्यात रस नसतो. किंवा खाल्लं तर काही तरी वाईट होईल, घास अडकेल, उलटी होईल, पोटात दुखेल, अशी भीती बसलेली असते. एकाच मुलात यांतली दोन किंवा तिन्ही कारणं असू शकतात आणि बाहेरून ती सारखीच दिसतात: ताट पुढे आलं की मान फिरवणं. उपाय मात्र कारणानुसार बदलतो. म्हणून चांगल्या तपासणीचा बराचसा वेळ ही कारणं वेगळी काढण्यात जातो. ते कसं करतात, हे एका नमुन्याच्या मुलावरून पाहू. मूल कल्पित आहे, पण त्याच्या गोष्टीतलं काहीच दवाखान्यांना नवं नाही.

निनाद सात वर्षांचा आहे. घरात आई, बाबा आणि आजी. आईची तक्रार एका वाक्याची: “हा पहिल्यापासून असाच आहे, पण आता फारच झालंय.” आजीच्या मते दात पडताहेत म्हणून खात नाही. बाबांच्या मते लाडाने बिघडलाय. शाळेतून डबा रोज भरलेला परत येतो.

तक्त्यावरची वळणं

पहिलं काम वजन-उंचीचं, आणि त्यात आजच्या एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. डॉक्टरांना जुने आकडे हवे असतात. लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या आरोग्य तपासणीचा कागद, तापासाठी गेलो तेव्हाची जुनी चिठ्ठी, जे सापडेल ते. आपल्याकडे पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते आणि त्यापुढे अठरापर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे आयएपीचे, २०१५ सालचे तक्ते वापरतात. मूल कोणत्या रेषेवर आहे यापेक्षा ते आपली रेषा सोडतंय का, हे महत्त्वाचं. आईवडील दोघंही लहानखुरे असतील, तर खालच्या रेषेवरून पण तिला धरून वाढणारं मूल बहुधा ठीक असतं. मधल्या रेषेवरून खाली घसरत आलेलं मूल तक्त्याच्या आत असूनही ठीक नसतं.

निनादच्या आईने पिशवीभर कागद आणले. त्यांतून चार नोंदी मिळाल्या. पाच वर्षांचा असताना वजन १७ किलो, उंची १०८ सेंटिमीटर. सहा वर्षांचा असताना १८.८ किलो आणि ११३.५ सेंटिमीटर. सहा वर्षं दोन महिन्यांचा असताना, फेब्रुवारीत, तापासाठी नेलं तेव्हा १९.१ किलो. आणि आज, सात पूर्ण झाल्यावर, १८.३ किलो आणि ११८ सेंटिमीटर.

या वयात मुलाचं वजन वर्षाला साधारण दोन किलो आणि उंची पाच-सहा सेंटिमीटर वाढते. पाच ते सहा या वर्षात निनाद जवळपास तेवढाच वाढला होता. म्हणजे ‘पहिल्यापासून असाच’ असूनही त्याचं शरीर तोवर निभावून नेत होतं. फेब्रुवारीनंतर मात्र वजन वाढणं थांबलं, इतकंच नाही तर पाऊण किलोने घटलं. वाढत्या मुलाचं वजन घटणं ही कधीच किरकोळ गोष्ट नसते. उंची वर्षभरात साडेचार सेंटिमीटर वाढली, थोडी मंदावली पण थांबली नाही. अन्न कमी पडलं की आधी वजनाला फटका बसतो आणि उंचीला काही महिन्यांनी, त्यामुळे हा क्रम अपेक्षितच आहे. पोटापेक्षा हार्मोनचा दोष असता तर बहुधा उलट दिसलं असतं: उंची खुंटलेली आणि वजन त्या मानाने बरं.

वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. निनादचा पाच आणि सहा वर्षांना १४.६ होता, आज १३.१ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सात वर्षांच्या मुलग्यांचा मधला आकडा १५.५ आहे आणि १३.१ ही खालची दुसरी रेषा, जिच्याखाली कृशता मोजायला सुरुवात होते. निनाद तिच्यावर येऊन टेकला आहे. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर खूण केली ती या आकड्यावर नाही, फेब्रुवारीवर. वाकडं झालं ते तिथे, मग त्या सुमाराला काय घडलं?

इथे उलट बाजूही सांगायला हवी. वजन उत्तम असलं म्हणून आर्फिड नाही, असं म्हणता येत नाही. चिप्स, पांढरा पाव आणि गोड पेयं यांवर जगणारं मूल तक्त्याच्या मधल्या रेषेवर ऐटीत बसू शकतं. ब्रिस्टलमधल्या डॉक्टरांनी २०१९ साली एका किशोराची हकिगत प्रसिद्ध केली होती. त्याचं वजन-उंची सर्वसाधारण होतं, पण वर्षानुवर्षं फ्रेंच फ्राइज, चिप्स आणि पांढरा ब्रेड याच धर्तीवर खाल्ल्यामुळे ब-१२ आणि इतर पोषकद्रव्यं कमी पडून त्याच्या डोळ्यांच्या नसा कायमच्या दुखावल्या. फळं-भाज्या पूर्ण वर्ज्य असलेलं मूल लंगडू लागतं, हाडांच्या तपासण्या होतात आणि शेवटी निघतो क जीवनसत्त्वाच्या अभावाचा स्कर्व्ही, असंही घडतं. त्यामुळे वाढीचा तक्ता चांगला असला तरी त्याच्या जोडीला ‘मूल नेमकं काय खातं’ याची नोंद लागतेच.

तीन दिवसांची वही

ही नोंद आहारतज्ज्ञ मागतात: सलग तीन दिवस, त्यांतला एक सुट्टीचा. किती वाढलं ते नव्हे, पोटात किती गेलं ते लिहायचं, आणि दूध, सरबत, एखादं बिस्कीट, आजीने चुपचाप दिलेला लाडू हे सगळं वेळेसकट. सोबत एक वेगळी यादी: आज खातो ते सगळे पदार्थ आणि पूर्वी खात होता पण आता नाही ते पदार्थ, कधी सुटले त्यासह. या क्षेत्रात काम करणारे थेरपिस्ट वीसपेक्षा कमी पदार्थांची यादी गंभीर मानतात. ती अनुभवावरची खूणगाठ आहे, निदानाची अट नव्हे.

निनादच्या आजच्या यादीत नऊ पदार्थ निघाले: दूध, एका कंपनीचं ग्लुकोज बिस्कीट, खारी, टोस्ट, कुरमुरे, बटाट्याचे वेफर्स, गाळलेलं वरण, गोड दही आणि आइस्क्रीम. सुटलेल्यांच्या यादीत दहा: मऊ भात, पोळी, पुरी, साबुदाण्याचे पापड, केळं, द्राक्षं, सफरचंदाच्या फोडी, डोशाचा कडक भाग, चिक्की आणि शेव. दहांपैकी आठांच्या पुढे आईने ‘मार्चच्या आसपास’ असं लिहिलं होतं. लिहिताना तिलाच ते पहिल्यांदा दिसलं.

वहीतून दुसरी गोष्ट कळली दुधाची. रोज तीन मोठे पेले, साधारण पाऊण लिटर. खात नाही म्हणून निदान दूध तरी, हा विचार बहुतेक घरांत होतो. निनादच्या पोटात दिवसाला हजारेक कॅलरी जात होत्या. त्याच्या वयाची गरज सुमारे १७०० आहे. त्या हजारांतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त एकट्या दुधातून येत होत्या. दुधाने पोट भरतं, पण दुधात लोह जवळपास नसतं. लोह कमी झालं की भूक आणखी मंदावते, मूल आणखी दुधावर जातं. हे चक्र रक्ताच्या तपासणीत उमटलं: हिमोग्लोबिन १०.४, जिथे या वयाला ११.५ तरी हवं, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ८, जिथे १५ च्या खाली गेलं की साठा संपल्यात जमा धरतात. शिवाय निनादला तीन-चार दिवसांतून एकदा खडा होत होता. बद्धकोष्ठाने भरलेलं पोट भूक लागू देत नाही, ही इतकी साधी गोष्ट आहे की ती विचारायचीच राहून जाते.

रक्त घेताना डॉक्टर ब-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि गव्हातल्या ग्लुटेनने होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजाराची चाचणी यांचाही विचार करतात. मुलाला तपासताना नाडीचा वेग, रक्तदाब, हिरड्या, किडलेले दात आणि वाढलेले टॉन्सिल पाहतात. नाडी फार मंद असेल, उभं राहताना चक्कर येत असेल, पाणीही पोटात जात नसेल किंवा थोड्या दिवसांत वजन भराभर उतरलं असेल, तर बाकीची चौकशी थांबवून मुलाला आधी दाखल करतात. फार दिवस उपाशी असलेल्या मुलाला एकदम भरपूर खायला घालणंही धोक्याचं असतं. त्याने रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येऊ शकतं. म्हणून ते काम घरी करायचं नसतं.

जिभेच्या आधी बोटांचा इतिहास

आता प्रश्न इंद्रियांचा. ऑक्युपेशनल थेरपिस्ट पालकांना खाण्याबद्दल विचारण्याआधी बाकीच्या गोष्टी विचारतात. केस कापताना रडतो का? नखं कापू देतो का? दात घासताना ओकारी येते का? शर्टाच्या मानेवरचं लेबल काढून टाकावं लागतं का? वाळूत, चिखलात अनवाणी चालतो का? हाताला श्रीखंड लागलं तर लगेच धुवायला पळतो का? मिक्सर लागला की कान झाकतो का? ज्या मुलाची त्वचा आणि कान सगळं मोठ्याने ऐकतात, त्याची जीभ शांत असेल अशी अपेक्षा करता येत नाही.

मग खाण्याचा इतिहास, जन्मापासून. मूल वेळेआधी जन्मलं होतं का, नाकातून नळी होती का, तान्हेपणी फार ओकत होतं का. पेज-खिमटीवरून मऊ गुठळ्यांच्या अन्नावर कधी आलं. हा शेवटचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. साधारण सहा ते दहा महिन्यांच्या काळात तोंड गुठळ्या ओळखायला आणि जिभेने बाजूला सरकवायला शिकतं. इंग्लंडमध्ये हजारो मुलांच्या पाहणीत, ज्यांना दहा महिन्यांनंतर पहिल्यांदा गुठळ्यांचं अन्न मिळालं त्यांच्यात पुढे खाण्याच्या तक्रारी जास्त आढळल्या. आपल्याकडे ‘घशाला लागेल’ म्हणून दीड-दीड वर्षं सगळं मिक्सरमधून काढून भरवणारी घरं कमी नाहीत. मात्र काही बाळांना गुठळी आली की ओकारी येते, म्हणूनच आई पुन्हा मिक्सरकडे वळते. आधी काय झालं हे विचारल्याशिवाय आईला दोष देणं चूक ठरतं.

निनादला गुठळी आली की ओकारी येत असे. खिमट तो दोन वर्षांचा होईपर्यंत खात होता. लेबलं काढावी लागतात, केस कापणं हा सोहळा असतो. त्याच्या जुन्या एकोणीस पदार्थांकडे या नजरेने पाहिलं की त्यांच्यात शिस्त दिसते. बहुतेक सगळे एक तर कोरडे-कुरकुरीत किंवा पूर्ण गुळगुळीत, फिकट रंगाचे आणि प्रत्येक घासाला तंतोतंत सारखे. कारखान्यातलं बिस्कीट रोज तेच असतं. केळं रोज वेगळं असतं. आणि आपलं रोजचं जेवण तर अशा मुलासाठी फार अवघड: पोह्यांच्या एका घासात मऊ पोहा, कडक शेंगदाणा, मोहरी, कढीपत्त्याचं पान, कांदा आणि मध्येच ओलं खोबरं. दर घासाला तोंडात काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही. निनादला वरण गाळलेलं लागतं ते याच कारणाने. त्यात नखरा नाही, आणि लाडाचाही संबंध नाही.

या जोडीला थेरपिस्टने त्याचं चावणं पाहिलं. तीनेक वर्षांपर्यंत मूल जबडा गोल फिरवून, घास एका बाजूच्या दाढांखालून दुसऱ्या बाजूला नेत चावायला शिकतं. ते जमलं नसेल तर जबडा नुसता वरखाली होतो, घास जिभेवर चुरडला जातो किंवा गालात साठवून ठेवला जातो. तशा मुलाला कडक पदार्थ खाऊ घालण्याआधी चावणं शिकवावं लागतं. निनाद खारी दाढांखाली नेऊन व्यवस्थित चावत होता. म्हणजे कौशल्य होतं, मग पोळी का सुटली?

तेव्हा फेब्रुवारीचा प्रश्न पुन्हा विचारला गेला, या वेळी निनादला, चित्र काढता काढता. तो म्हणाला, “द्राक्ष अडकलं होतं.” आई चमकली. मावशीकडे खेळता खेळता अख्खं द्राक्ष घशात गेलं होतं, मावशीने पाठीत धपाटे घातले, द्राक्ष बाहेर पडलं, पाच मिनिटांत सगळे हसत होते. घरी ते कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं. निनादने मात्र त्यानंतर अडकू शकेल असं वाटणारं सगळं एकेक करून सोडलं: आधी द्राक्षं, मग केळं, भात, पोळी. तोंडात विरघळणारं किंवा चुरा होणारं तेवढं ठेवलं.

इथे एक सावधगिरी लागते. हळू खाणं, प्रत्येक घासामागे पाणी मागणं, खूप वेळ चावत राहणं हे भीतीने होतं, तसंच अन्ननलिकेला अ‍ॅलर्जीची सूज येऊन ती आखडली तरी होतं. लक्षणं जवळपास सारखी दिसतात. भीतीकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी अशा: सुरुवात एका प्रसंगापासून अचानक झालेली, घास खरोखर कधी अडकून राहिलेला नाही, दमा किंवा अ‍ॅलर्जी नाही, उलट्या नाहीत, आणि खेळात रमला की तोच मुलगा कोरडी खारी पाण्याशिवाय गिळतो. निनादच्या बाबतीत हे सगळं जुळत होतं. तरीही ‘भीतीवर काम करून सहा-आठ आठवड्यांत गिळण्यात फरक पडला नाही, तर पोटविकारतज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी’ असं डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलं. पाणी पिताना खोकला येत असता, जेवताना आवाज ओला होत असता किंवा वारंवार न्यूमोनिया झाला असता, तर ती वाट पाहिलीच नसती. अन्न श्वासनलिकेत जात असल्याची ती खूण असते.

जेवणाच्या वेळी घर पाहणं

तिसरा भाग सगळ्यांत नाजूक, कारण तो मुलाचा नाही, घराचा आहे. दवाखान्यातल्या टेबलावर मूल आणि पालक दोघंही शहाण्यासारखे वागतात. म्हणून हल्ली पालकांना घरीच तीन जेवणं फोनवर टिपून आणायला सांगतात. फोन फडताळावर उभा करून विसरून जायचं. रोज भरवणारी व्यक्तीच असायची. एका जेवणात मुलाच्या यादीतलाच पदार्थ, एकात घरचं नेहमीचं ताट, एक शनिवार-रविवारचं सगळ्यांबरोबरचं. मुलाला मुद्दाम घाबरवणारा पदार्थ वाढायचा नाही, आणि चांगलं दिसावं म्हणून काही बदलायचंही नाही.

चित्रफीत पाहताना मानसोपचारतज्ज्ञ आणि थेरपिस्ट आधी आवाज बंद करतात. बसायला काय आहे? पाय टेकलेत की लोंबताहेत? पाय अधांतरी असले की धड सावरण्यातच मुलाची शक्ती जाते, आणि त्यात चावायचं-गिळायचं काम अवघड होतं. घास कोण नेतं? मूल ताटाकडे बघतं की पडद्याकडे? मग आवाज लावून दोन गोष्टी मोजतात: मोठ्यांनी खाण्याबद्दल किती वेळा म्हटलं आणि किती घास गेले. आणि सगळ्यांत लक्षपूर्वक पाहतात ते नकारानंतरचे दहा सेकंद. मूल ‘नको’ म्हणालं, ओकारी काढली, रडलं, त्यानंतर लगेच काय झालं?

निनादच्या रात्रीच्या जेवणाची फीत बावन्न मिनिटांची होती. तो सोफ्यावर मांडी घालून, समोर कार्टून. आजी वाटीत दही-भात कालवून पाठीमागून घास पुढे करते. “हा चिऊचा, हा काऊचा, हा शाळेतल्या बाईंचा.” पहिल्या बावीस मिनिटांत आजीने आणि बाबांनी मिळून एकेचाळीस वेळा खायला सांगितलं. सहा घास गेले, त्यांतले चार कार्टूनकडे बघत असताना, नकळत. सातव्याला निनादने मान मागे घेऊन ओकारी काढली. आजीचा चेहरा घाबरला, बाबा म्हणाले, “नाटकं पुरे!” आणि आईने वाटी उचलून नेली. दीड मिनिटाने दुधाचा पेला आला.

ही फीत पाहून कुणाला दोषी ठरवायचं नसतं. पण तिच्यातून तीन गोष्टी कळल्या. एक, ओकारी आली की भीतीदायक घास जातो आणि सुरक्षित दूध येतं. निनाद हे ठरवून करत नाही, पण दहा महिने रोज हेच घडल्यावर शरीर ते शिकतं. दोन, ओकारी आणि गुदमरणं घरातल्या कोणालाच वेगळं ओळखता येत नव्हतं. ओकारीला आवाज असतो, तोंड उघडतं, जीभ बाहेर येते. ती घास परत पाठवणारी संरक्षक क्रिया आहे. श्वासमार्ग खरोखर बंद झालेल्या मुलाला खोकता येत नाही, आवाज फुटत नाही, ओठ निळसर पडू लागतात. प्रत्येक ओकारीला आजी घाबरली की निनादची खात्री होते की आत्ता अडकलंच होतं. तीन, सहापैकी चार घास भाताचेच होते आणि ते सहज गेले. पण ते त्याला दिसलेच नाहीत, त्यामुळे ‘भात अडकत नाही’ हे शिकण्याची संधी प्रत्येक घासासोबत वाया गेली. कार्टूनमुळे चार चमचे पोटात जातात हे खरं, पण भीती त्याने तसूभरही कमी होत नाही.

रविवारच्या फितीत वेगळंच दिसलं. सगळे जमिनीवर पानं घेऊन बसलेले, पाहुणे आलेले, निनादकडे कोणाचं लक्ष नाही. त्याने स्वतःच्या हाताने पापडाचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, चाटला आणि खाल्ला. साबुदाण्याचा पापड सुटलेल्यांच्या यादीत होता. दबाव नसताना, पाय टेकलेले असताना, घास स्वतःच्या ताब्यात असताना तो काय करू शकतो याचा हा पुरावा. कोणत्याही प्रश्नावलीत तो सापडला नसता.

सगळं एकत्र मांडल्यावर

तिन्ही बाजू शेजारी ठेवल्या तेव्हा ‘पहिल्यापासून असाच’ हे अर्धंच खरं निघालं. निनादमध्ये दोन वेगळे नकार होते. एक जुना, इंद्रियांचा, ज्याच्यासह तो सहा वर्षं वाढत आला. दुसरा दहा महिन्यांचा, अडकण्याच्या भीतीचा, ज्याने वजन खाली आणलं. त्यावर दूध, लोहाची कमतरता आणि बद्धकोष्ठ यांनी भूक दाबून टाकली. आणि घरच्यांचा काळजीपोटी केलेला आग्रह रोज रात्री हे सगळं टिकवत होता. भाज्या हा या घडीचा प्रश्नच नव्हता.

त्यामुळे कामाचा क्रमही ठरला. लोहाचं औषध आणि पोट साफ होण्याचा उपाय लगेच. दूध एकदम बंद न करता जेवणानंतर आणि दिवसाला दोन पेल्यांपर्यंत, त्यातली घटलेली ऊर्जा खारीवर लोणी, दह्यात साय अशी यादीतल्याच पदार्थांतून भरून. दिवसाला तीन जेवणं आणि दोन वेळचं खाणं, प्रत्येक अर्ध्या तासात संपवायचं. पाट किंवा पाय टेकतील असं टेबल, पडदा बंद. खाण्याबद्दल एकही सूचना नाही. आजीने शेजारी बसून स्वतः जेवायचं. मानसोपचारतज्ज्ञांबरोबर भीतीची शिडी: गेल्या फेब्रुवारीपर्यंत खात होता तेच पदार्थ, सगळ्यांत कमी भीतीच्या पापडापासून वर. द्राक्ष शेवटी, आणि तेही उभे चार भाग करून. पोह्यांचा आणि भाज्यांचा विचार वजन सावरल्यानंतर.

अशी तपासणी एका डॉक्टरच्या दहा मिनिटांत होत नाही. मोठ्या शहरांत बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल आणि स्पीच थेरपिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ एका छताखाली मिळतात. इतरत्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली, जिल्हा पातळीवर चालणारी डीईआयसी केंद्रं हा सरकारी मार्ग आहे. पहिल्या भेटीला जुन्या वजनांचे कागद, तीन दिवसांची वही, सुटलेल्या पदार्थांची तारखांसह यादी आणि जेवणाच्या फिती हातात असतील, तर अर्धं काम तिथेच होतं.

आणि निष्कर्ष बरोबर होता की नाही, हे पुढचे आकडे सांगतात. निनादचं वजन दर दोन आठवड्यांनी, उंची तीन महिन्यांनी, फेरिटिन तीन महिन्यांनी आणि पदार्थांची यादी दर महिन्याला पाहायची आहे. सुटलेले पदार्थ परत येऊन वजन चढू लागलं, तर भीतीचा अंदाज खरा. पदार्थ परत आले पण वजन जागचं हललं नाही, तर भूक मंद असण्याचं किंवा एखाद्या लपलेल्या आजाराचं कारण पुन्हा तपासायचं. वजन चढलं पण ते फक्त लोणी आणि सायीमुळे, यादी नऊचीच राहिली, तर धोका तात्पुरता टळला एवढंच. आणि सहा-आठ आठवड्यांनीही घास गिळताना पाण्याचा पेला सुटला नाही, तर आधी लिहून ठेवल्याप्रमाणे दुर्बिणीची तारीख घ्यायची.